खालून वर वाचायचा दगड

सातवीतल्या एका मुलीने आमच्या संग्रहालयाच्या अंगणातल्या वीरगळाच्या पाटीवरचं अक्षर न् अक्षर वहीत उतरवून घेतलं होतं. नोंद क्रमांक, त्यापुढची तिरकी रेघ, "माध्यम : बेसाल्ट", "प्राप्तिस्थान", सगळं. बाईंनी सांगितलं होतं, "माहिती लिहून आणा", आणि माहिती म्हणजे पाटीवर असते ती. मी तिला विचारलं, "दगडावर काय काय आहे गं?" ती वहीत बघायला लागली. दगड तिच्या पाठीमागे होता.

मी तेव्हा शाळेतली नोकरी सोडून संग्रहालयात लेबलं लिहायच्या कामावर नवीनच लागले होते. ती पाटी माझ्या आधीची होती, पण मी ती वाचून "ठीक आहे" असं म्हणून पुढे गेले होते. त्या मुलीची वही पाहिल्यावर मी ती परत वाचली. पाटी अशी होती : "वीरगळ. काळ : अंदाजे इ. स. १२वे-१३वे शतक. त्रिस्तरीय शिल्पपट्टांकित स्मारकशिळा. अधःस्तरावर युद्धप्रसंग, मध्यस्तरावर अप्सरांद्वारे वीराचे स्वर्गारोहण व ऊर्ध्वस्तरावर वीराद्वारे शिवलिंगपूजन अंकित. शीर्षस्थानी कलश व चंद्र-सूर्य प्रतीके." यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. ज्याला वीरगळ म्हणजे काय ते आधीच माहीत आहे, त्याला सगळं कळतं. सहलीला आलेल्या मुलांपैकी ते कुणालाच माहीत नसतं.

सहल कशी येते ते सांगते. साठ-सत्तर मुलं, पुढच्याच्या खांद्यावर हात, दोन शिक्षक, आणि एसटी बाहेर उभी. अंगणातल्या एका दगडापुढे रांग थांबते ती दहा-बारा सेकंद, मग टाळी वाजते, "चला, पुढे चला." या वेळात मूल जेवढं वाचेल आणि त्यातून मान वर करून जेवढं बघेल, तेवढंच लेबल. म्हणून आम्ही मराठीत पन्नासेक शब्दांत राहायचं ठरवलं. नोंद क्रमांक पाटीच्या मागच्या बाजूला गेला. अभ्यासकाला लागतो तेव्हा तो आमच्याकडे विचारतोच.

पहिला खर्डा मी एका संध्याकाळी लिहिला आणि मला तो फार आवडला होता. "अधःस्तर" गेलं, "अंकित" गेलं, "द्वारे" गेलं. वर देव, मध्ये अप्सरा, खाली लढाई, असं सोपं सुटसुटीत वर्णन होतं. कागदावर मोठ्या अक्षरात छापून तो दगडाशेजारी चिकटवला आणि दुसऱ्या दिवशी सहलीच्या रांगेजवळ उभी राहिले. आमची एक सवय आहे, ॲक्रिलिकवर छापायच्या आधी आठवडाभर कागदच लावायचा. कागद फाडायला पैसे पडत नाहीत.

एका मुलाने वाचलं, दगडाकडे बघितलं, आणि मित्राला गोष्ट सांगितली : "हा बघ, हा माणूस पूजा करत होता. मग परी आल्या, त्याला म्हणाल्या चल. मग त्याला लढाईत पाठवलं आणि तो मेला." त्याने माझं लेबल नीट वाचलं होतं, दगडही नीट बघितला होता. पण वीरगळाची गोष्ट खालून वर जाते. खालच्या चौकटीत माणूस लढताना मरतो, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन जातात, वरच्या चौकटीत तो शिवलोकात पोचून पिंडीची पूजा करतो. आपली मुलं पुस्तक वरून खाली वाचतात, चित्रकथा वरून खाली वाचतात, आणि मीही वरूनच सुरुवात करून दिली होती. जुनी पाटी अवघड होती, पण ती निदान खालून सुरू होत होती. माझ्या सोप्या पाटीने मुलाला उलटी गोष्ट शिकवली. त्या रात्री मला झोप लागली नाही हे मी मनापासून सांगते आहे. शाळेत चुकीचं शिकवलं तर उद्या तोच वर्ग समोर असतो. सहल गेली की गेली.

तेव्हापासून लेबलाचं पहिलं वाक्य बदललं नाही : "ही गोष्ट खालून वर वाचा."

मग क्युरेटर सरांकडे खर्डा गेला. सर तीस वर्षं शिलालेखांवर काम करत आलेले. बोलायला मृदू, पण लाल पेन हातात असला की कुणाचं ऐकत नाहीत. माझं वाक्य होतं : "गावातल्या गाई वाचवताना हा वीर मेला, म्हणून गावाने हा दगड उभा केला." सरांनी त्यात तीन ठिकाणी रेघ मारली.

"गाई कोरल्यात, म्हणजे लढाई गाईंसाठी झाली एवढं म्हणता येतं. हा वाचवणारा होता की पळवायला आलेला, हे दगड सांगत नाही. दोन्हीकडची माणसं आपापल्या गावाला वीरच होती."

"बरं, पण 'गावाने'?"

"घरच्यांनी केला असेल, एखाद्या सरदाराने केला असेल. बाई, लेख नाही या दगडावर. नावसुद्धा माहीत नाही आपल्याला."

मी थोडी हट्टाने म्हटलं की मुलांना गोष्टीत कुणीतरी कर्ता लागतो. सर म्हणाले, "लागतो. पण तो आपण बनवून द्यायचा नाही." मग वाक्य झालं : "गाईंसाठी झालेल्या लढाईत हा माणूस मारला गेला." आणि खाली एक ओळ वाढली : "त्याचं नाव दगडावर कोरलेलं नाही." ही ओळ घातल्यावर मला वाटलं होतं की मुलं निराश होतील. उलट याच ओळीपाशी ती सगळ्यात जास्त थांबायला लागली. "मग नाव कसं कळणार?" हा प्रश्न मी तेव्हापासून किती वेळा ऐकला असेल. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला वीरगळांवर वल्ह्यांची जहाजं आणि समुद्रावरची लढाई कोरलेली आहे, एवढं स्पष्ट चित्र असूनही ती नेमकी कोणती लढाई यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर लेख नसतो, त्यामुळे "माहीत नाही" हे उत्तर लेबलात असणं हा या दगडांच्या अभ्यासाचाच भाग आहे.

"वीरगळ" हा शब्द ठेवायचा की "वीराचा दगड" लिहायचं, यावर आम्ही बराच खल केला. आमचा नियम असा की एका पाटीवर नवा शब्द एकच, आणि तो तिथल्या तिथे उलगडून द्यायचा. अधःस्तर, ऊर्ध्वस्तर, शिल्पपट्ट हे शब्द दगड समजायला लागत नाहीत. पण वीरगळ हा शब्द मुलाला मिळाला तर गावाकडच्या देवळामागे, ओढ्याकाठी शेंदूर फासून ठेवलेला तसाच दगड त्याला ओळखता येतो. म्हणून तो ठेवला. आता गंमत अशी की पहिल्याच आठवड्यात एका मुलीने विचारलं, "मॅडम, गळ म्हणजे मासे पकडायचा गळ ना? मग इथे मासे कुठे आहेत?" ती खरोखर दगडावर मासे शोधत होती. मी काही बोलायच्या आत रांगेतून जत तालुक्यातला एक मुलगा म्हणाला, "कल्लु म्हणजे दगड की! आमच्या घरात दगडाला कल्लुच म्हणतात." घरात कन्नड बोलणारा मुलगा. वीरगळ हा शब्द कन्नडमधल्या कल्लु किंवा कल या दगडाच्या शब्दाशी जोडला जातो, हे सरांनी मला आधी सांगितलं होतं आणि मी ते पाटीवर घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, फार विद्वत्तेचं वाटेल म्हणून. ते त्या दिवशी आत आलं : "कन्नडमध्ये कल्लु म्हणजे दगड. वीराचा दगड, म्हणून वीरगळ." सीमाभागातली शाळा आली की त्या ओळीवर आता कुणीतरी मोठ्याने हसतं आणि शेजाऱ्याला कोपर मारतं.

काळाचं गणित लवकर सुटलं. "१२वे शतक" वाचून मुलं सन १२०० नंतरची वर्षं धरतात, म्हणजे थेट शंभर वर्षांची चूक होते. आणि हातात ढाल-तलवार दिसली की "मावळा!" म्हणून मोकळी होतात. आम्ही शतक काढून टाकलं आणि लिहिलं : "सुमारे ८०० वर्षांपूर्वीचा. शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीचा." सरांना "सुमारे" हवंच होतं आणि मला महाराज हवे होते. दोघांचं समाधान झालं.

वाक्याच्या बांधणीबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण मराठी लेबलं बहुतेक ठिकाणी इथेच अडखळतात. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. बसून वाचताना ते बरं असतं, उभ्याने वाचताना नाही. "मध्यस्तरावर अप्सरांद्वारे वीराचे स्वर्गारोहण" असं लिहिलं की मूल क्रियापदाची वाट बघत राहतं आणि ते येतच नाही. यावर उपाय म्हणजे वाक्य लहान करायचं, म्हणजे क्रियापद लवकर येतं. "अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत." पाच शब्द, कर्ता पुढे, कर्म मध्ये, क्रिया डोळ्यांसमोर. मार्गरेता एकार्व नावाच्या स्वीडिश लेखिकेने १९८०च्या दशकात स्टॉकहोमच्या टपाल संग्रहालयासाठी अशीच लेबलं लिहिली होती. ती मूळची प्रौढांसाठी सोप्या वाचनाची पुस्तकं लिहिणारी. तिचं एक सूत्र मला फार उपयोगी पडलं : ओळ तिथेच तोडायची जिथे बोलताना आपण थांबतो. छापणारा ओळ तोडतो ती जागा संपली म्हणून. "अप्सरा त्याला स्वर्गात" एका ओळीवर आणि "नेत आहेत" पुढच्या ओळीवर एकटं लोंबकळत, असं झालं की पाचवीतलं मूल तिथे अडखळतंच. म्हणून आम्ही साधारण सहा-सात शब्दांवर, वाक्य किंवा वाक्याचा तुकडा पुरा होईल तिथे ओळ तोडतो. नंतर मोठ्याने वाचतो. शिपाईमामांना वाचायला लावतो, कारण ते पाटी आमच्यासारखी पाठ करून आलेले नसतात. मामा एकदा "शिवलोकात" या शब्दापाशी थांबले आणि म्हणाले, "शंकराच्या घरी म्हणा की." आम्ही शेवटी "वरच्या चौकटीत तो शंकराच्या पिंडीची पूजा करतो आहे" असं लिहिलं. शंकर हा शब्द मामांमुळे आला.

इंग्रजी पाटी आमच्याकडे एक तरुण मुलगी लिहिते. तिला सुरुवातीला माझी मराठी पाटी भाषांतरासाठी दिली होती. तिने प्रामाणिकपणे भाषांतर केलं आणि अप्सरांच्या जागी आलं "सेलेस्टियल निम्फ्स". आम्ही शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या सहावीच्या वर्गापुढे तो कागद लावला. मुलांनी "निम्फ्स" वाचलं, एकमेकांकडे बघितलं, आणि एका मुलीने बाईंना मराठीत विचारलं, "टीचर, या अप्सरा आहेत का?" तिला शब्द माहीत होता! आम्ही तो तिच्यापासून लपवला होता.

तेव्हा आमच्या लक्षात आलं की इंग्रजी पाटी आपण परदेशी पाहुण्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहितो, पण ती वाचणारं मूल त्याच गल्लीतलं असतं. त्याच्या घरी आजी पिंडीला बेल वाहते, फक्त शाळा इंग्रजी आहे. त्याला शिव, अप्सरा, कलश यांचं भाषांतर नको. त्याला अडतात ते इंग्रजीतलेच अवघड शब्द : "रजिस्टर", "कॉमेमोरेटिव्ह", "डिपिक्टेड". शाळेतल्या मुलाला रजिस्टर म्हणजे हजेरीचं. म्हणून इंग्रजी पाटीत अप्सरा अप्सराच राहिल्या, शिवलिंग शिवलिंगच राहिलं, आणि वाक्य झालं "अप्सराज कॅरी हिम टू हेवन". भाषांतर बंद झालं. आता दोघी एकाच दगडापुढे उभ्या राहतो, काय सांगायचं ते मराठीत बोलून ठरवतो आणि आपापल्या भाषेत लिहितो. दोन्ही पाट्यांतलं प्रत्येक वाक्य जुळत नाही आणि ते जुळायची गरज नाही. इंग्रजीत कल्लुची ओळ नाही, कारण "गळ" मुळे होणारा घोटाळा "हिरो स्टोन" वाचणाऱ्याला होतच नाही. तथ्यं मात्र दोन्हीकडे तीच हवीत, ते सर तपासतात.

या घोळाचं उत्तम उदाहरण आतल्या कपाटात आहे, अडकित्ता. जुन्या इंग्रजी पाटीवर "बीटल नट कटर" होतं. सुपारीला इंग्रजीत सर्रास हे नाव आहे, पण बीटल म्हणजे विड्याचं पान, आणि ते वेलीवर येतं. सुपारी अरेका नावाच्या पोफळीच्या झाडाची. दोघांचा संबंध एवढाच की विड्यात एकत्र खातात. एका हुशार मुलाने ते वाचून वहीत किडा काढला होता, कारण त्याला बीटल म्हणजे भुंगा हेच माहीत होतं. गंमत म्हणजे शेजारच्या मराठी पाटीनेही मुलांना काही कळत नव्हतं, कारण तिथे नुसतंच "अडकित्ता, पितळ" होतं आणि आजच्या कित्येक मुलांनी घरात अडकित्ता पाहिलेलाच नसतो. मराठीत नाव माहीत असेल असं गृहीत धरलं आणि इंग्रजीत चुकीचं नाव दिलं. आता मराठीत आहे : "अडकित्ता. सुपारी कातरायचं हत्यार. पातं कुठे आहे, शोधा." इंग्रजीत "अरेका नट" आहे.

अंगणात वीरगळापासून थोड्या अंतरावर एक गधेगळ आहे. ज्यांना माहीत आहे त्यांना कळलं असेल की शाळेच्या सहलीपुढे हा दगड म्हणजे काय परीक्षा असते. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख, आणि खाली गाढव आणि बाईचं अभद्र चित्र. राजाने दिलेली जमीन कुणी हिसकावली तर त्याच्या घरच्या बाईच्या नशिबी हे येईल, अशी ती धमकी. शिक्षक मुलांना झटक्यात पुढे नेतात, मुलं मागे वळून हसतात. पाटी काढून टाकावी असं सुचवणारेही होते. आम्ही काढली नाही. लिहिलं : "हा शापाचा दगड आहे. दान दिलेली जमीन कुणी बळकावू नये, म्हणून खाली घाणेरडी धमकी कोरली आहे. धमकी पुरुषाला दिली, पण अपमान त्याच्या घरातल्या बाईचा केला." शेवटचं वाक्य इंग्रजी लिहिणाऱ्या मुलीचं. सरांनी त्यावर रेघ मारली नाही. त्या पाटीपुढे आता मोठ्या मुली थांबतात.

छपाईबद्दल एक सांगते, कारण एवढं सगळं करून पाटी तिथे बिघडू शकते. आमची पहिली पक्की पाटी छापून आली तेव्हा "शिवलिंग" या शब्दातली ऱ्हस्व वेलांटी ल च्या पुढे जाऊन बसली होती, "अप्सरा"चा अर्धा प सुटा होऊन पाय मोडलेला दिसत होता. आमच्या संगणकावर सगळं बरोबर होतं. छापणाऱ्याच्या जुन्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरला देवनागरीचे जोड समजत नव्हते, फाईल उघडताच अक्षरं विस्कटली. ॲक्रिलिकचे पैसे गेले. तेव्हापासून फाईल अक्षरांचे कर्व्ह करूनच पाठवायची, म्हणजे अक्षर हे अक्षर न राहता चित्र होतं आणि ते कुठल्याही मशीनवर तसंच उमटतं. आणि छापायच्या आधी प्रूफवर तीनच गोष्टी बोट ठेवून बघायच्या : ऱ्हस्व वेलांटी, रफार, जोडाक्षरं. बिघाड असेल तर तो इथेच दिसतो. ओळींमधलं अंतरही इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडली तर लहान मूल ती ओळ सोडून देतं.

पाटी कुठे लावायची हा शेवटचा प्रश्न होता. जुनी पाटी मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, दगडाच्या वरच्या चौकटीशेजारी होती. गोष्ट खाली सुरू होते आणि पाटी वर, म्हणजे पुन्हा तोच उलटा प्रवास. आम्ही ती गुडघ्याच्या थोडी वर, तिरकी करून, खालच्या चौकटीशेजारी लावली. शिक्षक वाकून वाचतात, काहींनी तक्रारही केली. मुलं सरळ फरशीवर बसतात. बसलं की डोळे आपोआप गाईंसमोर येतात.

आता पाटी अशी आहे :

वीरगळ
ही गोष्ट खालून वर वाचा.
खाली लढाई चालू आहे. गाई किती, मोजा.
गाईंसाठी झालेल्या लढाईत हा माणूस मारला गेला.
मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेत आहेत.
वरच्या चौकटीत तो शंकराच्या पिंडीची पूजा करतो आहे.
त्याचं नाव दगडावर कोरलेलं नाही.

कल्लुची आणि काळाची ओळ खाली बारीक अक्षरात आहे.

"गाई किती, मोजा" ही ओळ मी घातली ती केवळ डोळे दगडाकडे वळावेत म्हणून. आमच्या नोंदवहीत तीन गाई आहेत. गेल्या पावसाळ्यानंतर जिल्हा परिषदेच्या एका शाळेची सहल आली. चौथीतला एक मुलगा फरशीवर बसला आणि म्हणाला, "चार." बाकीचे म्हणाले तीन. तो ऐकेना. तिसऱ्या गाईच्या पाठीमागे झिजलेल्या भागावर त्याने बोट फिरवलं, "हे शिंग, ही पाठ." मी सरांना हाक मारली. सर बॅटरी घेऊन आले, दगडाच्या कडेला ती आडवी धरली आणि पांढऱ्या कागदाने वरचा सूर्यप्रकाश अडवला. तिरप्या उजेडात झिजलेल्या कोरीव रेघेलाही सावली पडते. एक शिंग आणि पाठीची वाकडी रेघ दिसली. सर बराच वेळ उकिडवे बसून होते. मग आत गेले, नोंदवही काढली आणि तीनच्या पुढे पेन्सिलने लिहिलं : "चौथी? तिरप्या प्रकाशात पाहावे." पाटीवर आम्ही आकडा लिहिलेला नव्हता, त्यामुळे ती बदलावी लागली नाही.